फोटोग्राफरची एका ओळीची ओळख काम आणत नसेल, तर काय काय तपासायचं

इचलकरंजीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, कार्डं, आणि हंगामात फोटोग्राफर मंडळींच्या अल्बमची पानं लावणं. त्यामुळे स्वतःच्या जिवावर काम करणारे, कुठल्या स्टुडिओत नोकरीला नसलेले फोटोग्राफर माझ्याकडे सतत येतात आणि कार्डावर नावाखाली काय लिहायचं इथं हमखास अडतात. तीच ओळ मग इन्स्टाग्रामच्या बायोत जाते, व्हॉट्सअॅपला जाते, बिलाच्या डोक्यावर जाते. ती बिघडलेली असली की सगळीकडे बिघडलेली असते. दुरुस्ती करता करता माझा एक क्रम ठरून गेला आहे, तो इथं लिहिते.

लक्षणं

पहिलं लक्षण फोनवर कळतं. समोरच्याने तुमचं पान बघून फोन केलेला असतो आणि तरी तो विचारतो, "तुम्ही काय काय काढता?" याचा अर्थ ओळ वाचून त्याला काही समजलेलं नाही, किंवा त्याने ती वाचलीच नाही.

दुसरं, तुम्ही करत नाही त्या कामाचे फोन येतात. तुम्ही दागिन्यांचे फोटो काढता आणि लोक बारशाला बोलावतात.

तिसरं लक्षण जरा फसवं आहे. फोटोखाली "एक नंबर भावा", "कडक क्लिक" असं भरभरून येतं, पण लिहिणारे सगळे फोटोग्राफर असतात. गिऱ्हाईक त्यात एक नसतं. ही ओळ आपल्याच धंद्यातल्या माणसांसाठी लिहिली गेलेली असते.

चौथं लक्षण माझ्या मते सगळ्यात खात्रीचं. तुमच्यावर खूश असलेलं जुनं गिऱ्हाईक तुमचा नंबर दुसऱ्याला पाठवतं तेव्हा सोबत काय लिहितं, ते मागवून बघा. "हा फोटो चांगले काढतो" एवढंच असेल, तर तुमचं नेमकं काम त्याच्या तोंडात बसलेलंच नाही.

"रेट काय?" विचारून लोक गप्प होतात, ही तक्रार घेऊन बरेच जण येतात. ते लक्षण मी या यादीत धरत नाही. त्यात कधी ओळीचा दोष असतो, पण बहुतेकदा दराचा असतो, आणि त्यावर वेगळा इलाज लागतो.

वरच्यातली दोन लक्षणं असली तर खालच्या तपासण्या वरून सुरू करा. पहिल्या काहींना पैसा लागत नाही, आणि निम्म्या लोकांचं काम तिथंच भागतं.

पहिली तपासणी: ओळ मुळात दिसते का

दुसऱ्याचा फोन घ्या, शक्यतो जुना आणि छोट्या पडद्याचा, आणि त्यावरून स्वतःचं पान उघडा. आपल्या फोनवर आपल्याला सगळं नीटच दिसतं.

यात मला तीन बिघाड वारंवार सापडतात. पहिला खास आमच्या धंद्यातून आलेला. कार्डासाठी मी ओळ श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. फोटोग्राफर माझ्याकडून ती फाइल घेतो, कॉपी करतो आणि फोनवर पेस्ट करतो. तो फॉन्ट फोनमध्ये नसल्यामुळे "फोटो" या शब्दाच्या जागी `’$moQ>mo` असलं काहीतरी उमटतं. खरं तर त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी कळांवर मराठी आकार चढवलेले असतात, एवढंच. उपाय सोपा आहे. ओळ फोनवरच मराठी कीबोर्डने पुन्हा टाइप करायची, म्हणजे ती युनिकोडमध्ये येते आणि सगळीकडे तशीच दिसते.

दुसरा बिघाड नक्षीदार इंग्रजी अक्षरांचा. वेबसाइटवरून वळणदार किंवा ठळक अक्षरं बनवून आणतात आणि बायोत चिकटवतात. ती दिसायला अक्षरं असली तरी संगणकाच्या लेखी गणिती चिन्हं असतात. कुणी साध्या अक्षरांत शोधलं तर ती सापडतीलच असं नाही, आणि दृष्टिहीन माणसाचा फोन ती वाचताना अडखळतो. काढून टाका, साधी अक्षरं ठेवा.

तिसरा बिघाड लांबीचा. इन्स्टाग्रामच्या बायोला १५० अक्षरांची मर्यादा आहे, व्हॉट्सअॅपच्या `About` ला १३९. मराठीत ही अक्षरं आपण समजतो त्यापेक्षा लवकर संपतात, कारण काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. "दागिन्यांचे" या शब्दात आपल्याला चार अक्षरं दिसतात, फोन त्याची अकरा मोजतो. म्हणून लिहिताना १३० च्या आत राहायचं धोरण मी ठेवलं आहे, म्हणजे एकच ओळ दोन्हीकडे जाते.

इन्स्टाग्रामवर नावाची जागा बायोपेक्षा वेगळी असते, हे पुष्कळांना माहीत नसतं. शोधताना ती नावाची जागा उपयोगी पडते. तिथं नुसतं नाव न ठेवता नावापुढे कामाचे दोन-तीन शब्द घाला. मात्र ती चौदा दिवसांत दोनदाच बदलता येते, तेव्हा शुद्धलेखन बघून मगच जतन करा.

दुसरी तपासणी: शेजाऱ्याचं नाव घालून बघा

तुमची ओळ कागदावर लिहा. तुमच्या नावाच्या जागी गावातल्या दुसऱ्या एखाद्या फोटोग्राफरचं नाव घाला आणि वाचा. ओळ तितकीच खरी वाटत असेल, तर ती तुमच्याबद्दल काही सांगत नाही.

"क्षण टिपणारा", "आठवणी जपतो", "पॅशनेट", "क्रिएटिव्ह", "दर्जेदार सेवा" हे शब्द या तपासणीत पहिल्याच फटक्यात पडतात. त्यात खोटं काही नाही. फोटोग्राफर म्हटला की क्षण टिपणारच, शिंपी म्हटला की कापड शिवणारच. पण शिंपी पाटीवर "कापड शिवतो" असं लिहीत नाही. तो लिहितो "ब्लाउज एका दिवसात" किंवा "शाळेचे गणवेश".

कॅमेऱ्याचं नाव आणि लेन्सचा नंबरही काढून टाका. यावर माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत. अमुक बॉडी आहे म्हटलं की वजन पडतं, असं त्यांचं म्हणणं. पडतं, पण दुसऱ्या फोटोग्राफरवर. लग्नघरच्या मामांना त्यातलं काही कळत नाही. तुम्ही दुसऱ्या फोटोग्राफरांच्या ऑर्डरवर जाऊन काम करत असाल, म्हणजे फोटोग्राफर हेच तुमचं गिऱ्हाईक असेल, तर मात्र कॅमेरा जरूर लिहा. तिथं तीच कामाची माहिती आहे.

"१५ वर्षांचा अनुभव" याचं काय करायचं? मी तो ओळीत ठेवत नाही, कार्डाच्या मागच्या बाजूला टाकते. अनुभवाने गिऱ्हाइकाला काय मिळतं ते ओळीत आलं, तर वर्षं सांगावी लागत नाहीत.

तिसरी तपासणी: उभ्या रेघा मोजा

"वेडिंग | प्री-वेडिंग | बेबी शूट | प्रॉडक्ट | इव्हेंट | ड्रोन". या रेघा तीनपेक्षा जास्त असल्या की वाचणारा एकही शब्द लक्षात ठेवत नाही. यादी लिहिणाऱ्याची भीती मला कळते. एक शब्द वगळला तर ते काम हातचं जाईल, असं वाटतं. पण लक्षण क्रमांक एक आठवा. यादी वाचूनही लोक "काय काय काढता?" असंच विचारतात.

कोणतं काम ठेवायचं हे मनाला विचारू नका, बिलबुकाला विचारा. गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि कामाच्या प्रकाराप्रमाणे त्यांचे ढीग करा. प्रत्येक ढिगाबाबत तीन गोष्टी बघायच्या: एकूण पैसा किती, गिऱ्हाईक थेट तुमचं होतं की दुसऱ्याच्या ऑर्डरवर तुम्ही गेला होता, आणि तेच गिऱ्हाईक किंवा त्याने पाठवलेलं माणूस परत आलं का. नुसती बिलांची संख्या मोजलीत तर फसाल. पाचशे-पाचशेची वाढदिवसाची कामं संख्येने नेहमी जास्त भरतात.

मागच्या वर्षी हातकणंगल्याकडचा एक पोरगा आला होता. वरची सहा शब्दांची यादी त्याचीच, आणि शेवटी "क्षण आयुष्यभरासाठी". त्याची बिलं आम्ही माझ्या टेबलावर पसरली. एकूण ४१ होती. लग्नाची नऊ होती, पण त्यातली आठ दुसऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली केलेली. बारसं, वाढदिवस मिळून एकवीस. उरलेली अकरा हुपरीतल्या चांदीवाल्यांची: पैंजण, जोडवी, करदोटे. त्या अकरा बिलांचा पैसा बाकीच्या तिसांपेक्षा जास्त निघाला. आणि अकरा बिलं सहाच कारखानदारांची होती, म्हणजे बहुतेकांनी पुन्हा बोलावलं होतं.

त्याच्या ओळीत चांदीचा शब्दही नव्हता. "प्रॉडक्ट" होता, चौथ्या नंबरवर.

"ड्रोन" हा शब्द मी त्याला वेगळ्या कारणाने काढायला लावला. ड्रोन त्याच्या मित्राचा होता. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार पैसे घेऊन २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन उडवायचा असेल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. ते याच्याकडे नव्हतं आणि मित्राकडेही नव्हतं. जे काम आपण नियमाने करू शकत नाही ते कार्डावर छापून वाटणं म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध लेखी देण्यासारखं आहे.

चौथी तपासणी: गिऱ्हाईक परत का येतं, ते त्याच्याच तोंडून ऐका

इथून पुढं काम थोडं अवघड होतं, कारण फोन उचलावा लागतो. पण ओळीचा जीव इथंच सापडतो. आपण काय विकतो हे आपल्याला नीट माहीत नसतं. आपल्याला आपली मेहनत दिसते. गिऱ्हाइकाला त्याची मिटलेली अडचण दिसते.

मी त्या पोराला विचारलं, "हुपरीवाले तुलाच का बोलावतात?"

"ताई, चांदीला लाइट लावणं सोपं नसतं," तो म्हणाला, आणि खरंच तसं आहे. चांदी आरशासारखी असते. समोरचा काळा मोबाइल, वरची ट्यूबलाइट, काढणाऱ्याचा लाल शर्ट, सगळं पैंजणाच्या घुंगरात दिसतं. काचेवरची चमक मारायला पोलरायझर फिल्टर लावतात, पण साध्या प्रकाशात धातूच्या चमकेपुढे तो फारसा चालत नाही. म्हणून हा पांढऱ्या कापडाचा छोटा तंबू नेतो, दोन्ही बाजूंनी बाहेरून लाइट मारतो आणि दागिन्याची कड उठून दिसावी म्हणून बाजूला काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या करतो. हे सगळं त्याने मला दहा मिनिटं रंगवून सांगितलं. त्याला ओळीत तेच हवं होतं: "चांदीसाठी खास लायटिंग".

मी म्हटलं, "एकाला फोन लाव. स्पीकरवर ठेव. आणि विचार, मला परत का बोलावता."

त्याला अवघड वाटलं, पण लावला. पलीकडून एक वयस्कर कारखानदार हसले. म्हणाले, "अरे, तू इथं येतोस की! माझ्यासमोर माल काढतोस, माझ्यासमोर वजन करून परत देतोस. बाकीचे म्हणतात स्टुडिओत पाठवा. चांदी काय केळी आहेत होय, टेम्पोत घालून पाठवायला?"

लायटिंगचा शब्द त्यांनी काढला नाही. याने अजून एक प्रश्न विचारला, फोटोंचं पुढं काय करता? ते म्हणाले, मुलगा ऑनलाइन टाकतो, आधीचे फोटो तिथं पास होत नव्हते. हे कशामुळे ते पोराला माहीत होतं. अॅमेझॉनवर मुख्य फोटोला पूर्ण पांढरी पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग भरावा लागतो. ट्यूबलाइटखाली मोबाइलवर काढलेला पैंजण पिवळट-करड्या कापडावर, कोपऱ्यात पडलेला असतो. तो कसा पास होणार?

एका फोनमधून ओळीला लागणारं सगळं मिळालं. माल जागेवरून हलत नाही, हा पहिला फायदा. फोटो ऑनलाइन विक्रीत चालतो, हा दुसरा. "८५ टक्के" ओळीत घालायची त्याची इच्छा मी मोडून काढली. कारखानदार कधी टक्क्यांत बोलत नाही, तो "पास झाला नाही" असं बोलतो. आकडा प्रत्यक्ष भेटीत सांगायला ठेवायचा.

लग्नाचं काम करणाऱ्यांनाही हीच तपासणी लागू पडते, फक्त तिथं अडचण जरा शोधावी लागते. पुण्याची एक फोटोग्राफर अल्बमसाठी माझ्याकडे फाइली पाठवते. तिची ओळ "कॅंडिड वेडिंग फोटोग्राफर" होती, आणि पुण्यात अशा किती असतील देव जाणे. तिच्या बिलांत नोंदणी विवाह जास्त निघाले. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, त्यामुळे या जोडप्यांना तारीख महिनाभर आधी कळते आणि ती त्या महिन्यात फोटोग्राफर शोधतात. नोंदणी कार्यालयातली खोली लहान, तीन साक्षीदार आणि दोघांचे आईवडील मावले तरी पुष्कळ. तिथं चार जणांची टीम आणि लाइटचे स्टँड नकोच असतात. तिला गिऱ्हाइकांनी सांगितलं ते हेच, की तू एकटी येतेस, गर्दी वाटत नाही. तिची आताची ओळ अशी आहे: "नोंदणी विवाह आणि पन्नास माणसांतली घरगुती लग्नं मी एकटीच, गाजावाजा न करता शूट करते, पुणे." "एकटी" हा शब्द तिला आधी कमीपणाचा वाटायचा.

पाचवी तपासणी: वाक्याची बांधणी

माल हातात आला की वाक्य लिहायचं. कोणासाठी किंवा कशाचं, त्याला काय सोपं होतं, आणि कुठं, एवढं एका वाक्यात यायला हवं. आमच्या पोराने पहिल्यांदा लिहिलं ते असं:

"हुपरी परिसरातील चांदी उद्योजकांसाठी त्यांच्या कारखान्यात प्रत्यक्ष येऊन ऑनलाइन विक्रीकरिता दर्जेदार छायाचित्रण सेवा आम्ही पुरवतो."

चूक काही नाही, पण हे टेंडर नोटिशीसारखं वाटतं. यात तीन गोष्टी दुरुस्त केल्या.

एक, मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे लांब वाक्यात नेमकं काय करता हे कळायला वाचणाऱ्याला टोकापर्यंत जावं लागतं, आणि फोनवर टोक कापलं गेलं तर तेच जातं. म्हणून कामाची वस्तू सगळ्यात पुढं आणायची, क्रियापद तिच्याजवळ ठेवायचं आणि बाकीचं मागून जोडायचं. बोलताना आपण असंच बोलतो: "फोटो काढतो, तुमच्याच कारखान्यात येऊन."

दोन, "आम्ही". एकटा माणूस कार्डावर "आम्ही" लिहितो, कारण ते मोठं वाटतं. मग गिऱ्हाईक टीमच्या अपेक्षेने बोलावतं आणि दारात पाठीवर बॅग घेतलेला एकटा पोरगा उभा. एकटे असाल तर क्रियापद एकवचनी ठेवा. "काढतो", "काढते" यातून कोण येणार आहे हेही आपोआप कळतं, आणि मुलीचं कान-नाक टोचणं किंवा बाळाचे फोटो अशा घरगुती कामांत काही घरांना ते आधी कळलेलं हवं असतं.

तीन, "छायाचित्रण सेवा पुरवतो" च्या जागी "फोटो काढतो". गिऱ्हाईक ज्या शब्दात शोधतं तोच शब्द. हुपरीत कुणी "छायाचित्र काढून द्या" म्हणत नाही.

शेवटी ठरलेली ओळ:

"चांदीच्या दागिन्यांचे ऑनलाइन विक्रीसाठी फोटो काढतो, तुमच्याच कारखान्यात येऊन, माल बाहेर न नेता, हुपरी-कोल्हापूर."

फोनच्या हिशोबाने ही ११२ अक्षरं होतात, मधल्या जागा धरून. म्हणजे इन्स्टाग्रामलाही बसते, व्हॉट्सअॅपलाही, आणि साडेतीन इंची कार्डावर नावाखाली दोन ओळींत मावते. शेजाऱ्याचं नाव घालून वाचली तर खोटी ठरते, कारण शेजारी कारखान्यात जात नाही.

त्याला "तीन दिवसांत" हेही घालायचं होतं. मी जुन्या कामांच्या तारखा काढायला लावल्या. एरवी तीन-चार दिवसांत द्यायचा, पण दिवाळीच्या आधी एका कामाला नऊ दिवस लागले होते. म्हणून ते गाळलं. ओळीतला आकडा वर्षातल्या सगळ्यात वाईट आठवड्यालाही खरा ठरला पाहिजे, नाहीतर तोच तुमच्यावर उलटतो.

ओळ झाली की फोटोच्या धंद्याबाहेरच्या एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. मी दुकानातल्या बाइंडिंगवाल्या काकांना दाखवते. नंतर चहा झाला, इकडतिकडचं बोलणं झालं, की विचारायचं, "हा पोरगा काय करतो म्हणालो मघाशी?" काका म्हणाले, "चांदीवाल्यांच्या घरी जाऊन फोटो काढतो." कारखान्याचं घर झालं, पण मुद्दा पोचला. "फोटोग्राफर आहे" एवढंच आलं असतं तर पुन्हा चौथ्या तपासणीकडे जायचं होतं.

सहावी तपासणी: ओळीखालचे फोटो

ही सगळ्यात कष्टाची, कारण इथं ओळ बदलून भागत नाही. ओळ म्हणते चांदी, आणि खाली पहिल्या नऊ फोटोंत दोन नवऱ्या, एक सूर्यास्त, पन्हाळ्याचं धुकं आणि मित्राची बुलेट. वाचणारा फोटोंवर विश्वास ठेवतो, ओळीवर नाही. पोराच्या पानावर चांदीचा एकच फोटो होता, तोही खाली कुठं तरी. कारखानदारांची परवानगी घेऊन त्याने जुन्या कामातले सहा फोटो वर आणले. दोघांनी नकार दिला, कारण नवीन डिझाइन बाजारात लगेच उचललं जातं. तो त्यांचा हक्क आहे, तिथं आग्रह धरू नये.

दाखवण्याजोगे फोटोच नसतील, म्हणजे ज्या कामाची ओळ लिहायची ते काम अजून पुरेसं केलेलंच नसेल, तर ओळ थांबवा. आधी दोन-तीन कामं करा. नसलेल्या कामाची ओळ मी छापत नाही, असं सांगून काही गिऱ्हाइकं मी परतही पाठवली आहेत.

कुठं थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

नवी ओळ लावली की तीन महिने तिला हात लावू नका. आलेल्या प्रत्येक फोनची वहीत नोंद ठेवा: कुठून आला, कोणत्या कामासाठी. दर आठवड्याला शब्द बदलणाऱ्याला कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

तीन महिन्यांत योग्य कामाचे फोन वाढले पण दर ऐकून माघारी जात असतील, तर ओळ तिचं काम करते आहे. आता एका दिवसाच्या कामाचा खरा खर्च काढायला हिशोब समजणारं माणूस गाठा. तुमचा अकाउंटंट असेल तर तोच.

परदेशी किंवा मोठ्या कंपन्यांच्या कामासाठी इंग्रजी ओळ हवी असेल, तर माझी मराठी ओळ शब्दाला शब्द उलथवू नका, मलाही सांगू नका. इंग्रजीत जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्या माणसाला पैसे देऊन करून घ्या. जाताना ढीग केलेली बिलं आणि गिऱ्हाइकाचं ते फोनवरचं वाक्य सोबत न्या, म्हणजे त्याचा अर्धा वेळ आणि तुमचे अर्धे पैसे वाचतील.

ओळीत एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाचं नाव घालायचं असेल, किंवा स्वतःच्या कामाला दिलेलं नाव नोंदवून घ्यायचं असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय छापू नका. नावाबाबत आधीच नोटीस आलेली असेल तर ओळ, कार्ड, पान, काहीच स्वतःहून बदलायला जाऊ नका. थेट वकील.

आणि एक शेवटचं, जे मला स्वतःला उशिरा कळलं. त्या पोराची कार्डं मी शंभरच छापली, डिजिटलवर, बदल करावा लागला तर वाया जाऊ नयेत म्हणून. दीड महिन्याने तो आला. चांदीची दोन नवी गिऱ्हाइकं मिळाली होती, पण पासपोर्ट फोटोचे फोन थांबले नव्हते. आम्ही ओळ पुन्हा वरून खालपर्यंत तपासली, दोष सापडेना. मग गुगल मॅपवरची त्याची नोंद उघडली. तीन वर्षांपूर्वी मित्राच्या दुकानाचा पत्ता देऊन केलेली, आणि धंद्याच्या प्रकारात पासपोर्ट फोटो अजून तसाच होता. तो काढायला दोन मिनिटं लागली.